पहिला खंबा कोणता? सोडा ओतल्यावर क्रम बदलतो

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. वय सत्तावीस, पुण्यात नोकरी, आणि हातात बरोबर अडीच हजार रुपये. "दादा, घरात ठेवायला एक चांगली व्हिस्की सांग. ऑफिसच्या पार्टीत कोलात घालून पितो, पण आता नीट चव कळायला हवी." मी त्याला उलट विचारलं, "तू पिणार कशी? नुसती, पाण्यात की सोड्यात?" तो म्हणाला, "त्यानं काय फरक पडतो?" फरक पडतो. आणि पहिल्या बाटलीत पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

अडीच हजारांचा खंबा म्हणजे ७५० मिली, तीस मिलीचे पंचवीस पेग, एक पेग शंभर रुपयांना. चव आवडली नाही तर पंचवीस वेळा तोंड वाकडं करायचं, नाहीतर पाहुण्यांना पाजून बाटली संपवायची. म्हणून मी त्याला थेट खंबा घेऊ दिला नाही. वाईन शॉपमधून दोन क्वार्टर आणायला सांगितल्या, एक भारतीय ब्लेंडची आणि एक स्कॉचची, टीचर्सची. क्वार्टरमध्ये सहा छोटे पेग निघतात, चव ठरवायला ते भरपूर झाले. आयरिश जेमसन माझ्याकडे होती, अमेरिकन जिम बीमची अर्धी बाटली एका मित्राकडे. सगळ्याच ब्रँडची क्वार्टर मिळते असं नाही, त्यामुळे मित्रांची कपाटं धुंडाळावीच लागतात. कोणाकडे नसेल तर परमिट रूममध्ये तीस मिलीचा एक पेग मागवून बघायचा. (महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. तो काउंटरवर क्वचितच मागतात, पण नियम आहे.)

चार ग्लासांत चार प्रकार. आधी त्यांच्यातला मूळ फरक सांगतो, कारण चवीचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

आपल्याकडची स्वस्त ते मध्यम किमतीची व्हिस्की म्हणजे बहुतेक वेळा तटस्थ स्पिरिट आणि त्यात थोडं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की. हे स्पिरिट उसाच्या मळीचं असतं किंवा धान्याचं. मळीच्या स्पिरिटला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, आपल्याकडे येतं. जरा वरच्या किमतीत, म्हणजे ब्लेंडर्स प्राइडसारख्या बाटलीत, धान्याचं स्पिरिट आणि त्यात आयात केलेलं स्कॉच माल्ट असतं. लेबल वाचलं की कळतं. स्पिरिट तटस्थ म्हणजे त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते, मग जी थोडीफार चव येते ती माल्टची. म्हणून ही व्हिस्की पातळ लागते. ती पाण्याबरोबर, सोड्याबरोबर, चकण्याबरोबर प्यायलाच बनवलेली आहे, त्यामुळे या पातळपणाला दोष म्हणण्यात अर्थ नाही.

स्कॉच म्हणजे धान्य किंवा माल्ट, स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली. पण तिथून ती मोठ्या टाकीत आणून इथे बाटलीत भरली तरी ती स्कॉचच राहते, आणि स्वस्तही पडते. ओळखायचं कसं? लेबलवर ४२.८ टक्के अल्कोहोल असेल तर बाटली बहुतेक आपल्याकडेच भरलेली. हा आकडा दारूची तीव्रता मोजायच्या जुन्या ब्रिटिश मापातल्या पंचाहत्तर डिग्री प्रूफमधून आलाय. बाहेरून बाटलीबंद होऊन येणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर ४० किंवा ४३ लिहिलेलं असतं. कमी पैशांत स्कॉच घ्यायची तर इथे भरलेल्याच बघा, चवीत कमीपणा मानण्याचं कारण नाही. त्यात टीचर्स मी मुद्दाम निवडली. तिच्या ब्लेंडमधलं मुख्य माल्ट आर्डमोरचं. १८९८ मध्ये टीचर कुटुंबानेच ॲबर्डीनशायरमध्ये ही डिस्टिलरी सुरू केली, आणि तिथे माल्ट पीटच्या धुरावर सुकवतात. पीट म्हणजे दलदलीतली कुजलेली वनस्पती, जमिनीतून खणून सुकवून जाळतात. त्यामुळे या बाटलीत थोडा धूर आहे. तेवढ्याच किमतीच्या बऱ्याच ब्लेंडमध्ये तो जवळपास नसतो.

जेमसन आयर्लंडची, कॉर्क परगण्यातल्या मिडल्टनची. तीनदा गाळलेली असल्याने गुळगुळीत, आणि त्यात न मोड आणलेलं बार्लीही असतं. जिम बीम ही बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, आणि ते मात्र वेगळंच प्रकरण. किमान ५१ टक्के मका, आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओक पिंपातच मुरवावी लागते. कोरं लाकूड सगळं देऊन टाकतं, म्हणून व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेची चव थेट तोंडावर येते. जिम बीमची साधी बाटली चार वर्षं मुरलेली असते. बर्बनमध्ये रंग घालायला बंदी, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग चालतो. त्यामुळे स्कॉचचा गडद रंग बघून "ही जुनी असणार" असं कोणी म्हणालं तर हसायचं.

शनिवारी संध्याकाळी बसलो. पहिली चूक त्याने ग्लास हातात घेताच केली. नाक थेट ग्लासात घातलं आणि "दारूचाच वास येतोय" म्हणाला. तसाच येणार. तोंड किंचित उघडं ठेवून नाक ग्लासाच्या काठापाशी न्यायचं, आत नाही. ग्लासही महत्त्वाचा. कटिंगचा ग्लास वर रुंद होतो, वास उडून जातो. स्टीलच्या ग्लासचं नावच नको. वर निमुळता होणारा वाइनचा छोटा ग्लास घ्या. आणि चकली, फरसाण, लिंबू मारलेले शेंगदाणे आधी बाजूला ठेवा. तिखट जिभेवर चढलं की चारही व्हिस्की सारख्याच लागतात.

पहिली फेरी अशी: प्रत्येकी पंधरा मिली, त्यात अर्धा चमचा पाणी, बर्फ नाही. एवढ्या पाण्याने ४२.८ टक्क्यांवरून साधारण ३७ टक्क्यांवर येतं आणि जीभ भाजायची थांबते. जेमसनला पहिला नंबर मिळाला. "मध आणि पेरूच्या फोडीसारखं," असं त्याने लिहिलं. जिम बीमला "चिक्की आणि शिसपेन्सिल", पण शेवटी किंचित कडू. भारतीय ब्लेंडबद्दल "गोडसर, पटकन संपतं". टीचर्स चौथी. "इथे काय जळतंय?"

खरी मजा दुसऱ्या फेरीत आली. तो मित्रांबरोबर तीस मिलीत नव्वद मिली सोडा आणि बर्फ घालून पितो. त्या पेयात अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास उरतं, म्हणजे चव चौपट पातळ होते. बर्फाने वासही दबतो. सोड्यात जेमसन गायब झाली. उरला तो हलकासा गोडवा, आणि मधाची ती तार कुठेच नाही. भारतीय ब्लेंड सोड्यात ठीक, खरंतर त्यासाठीच ती आहे. जिम बीम टिकली, पण ती गोडी तिसऱ्या घोटाला तोंडात बसली. टीचर्स मात्र उलटी वागली. सोड्याने धूर पातळ होऊन वर आला, आणि त्याला चुलीवर भाजलेल्या वांग्याची आठवण झाली. जे नुसतं प्यायला बोचलं, तेच सोड्यात आवडलं. त्याने आपल्या कागदावरचा क्रम खोडून पुन्हा लिहिला: टीचर्स, भारतीय ब्लेंड, जिम बीम, जेमसन.

ही चव त्याची, तुमची वेगळी असेल. पण नियम तोच निघतो. हळूहळू, थोड्या पाण्यात, एकटे किंवा दोघे पिणार असाल तर आयरिश. कोला सोडायचा नसेल तर बर्बन, कारण कोल्यात तिचा व्हॅनिला हरवत नाही, उलट जुळतो. पण मग महागडी बर्बन कोल्यात घालायला नको, साधी पुरे. सोडा आणि चकणा असेल तर धुराची छटा असलेलं इथे भरलेलं स्कॉच. आणि चौघांच्या बैठकीत एका रात्रीत बाटली संपणार असेल तर चांगला भारतीय ब्लेंड घेऊन उरलेले पैसे तळलेल्या बोंबलांवर घालवा.

"सिंगल माल्ट का नाही?" हे त्याने दोनदा विचारलं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्टपासून बनवलेली व्हिस्की. गोव्यात कुंकोळ्ळीला पॉल जॉन बनते, आणि ती आपल्याकडची खरोखर चांगली सिंगल माल्ट आहे. उकाड्यात पिंपातून दर वर्षी उडून जाणारा हिस्सा स्कॉटलंडच्या कित्येक पट असतो. तिथे दोन टक्के धरतात. त्यामुळे इथे चार-पाच वर्षांतच पिंपाचा रंग आणि चव खोल उतरते. त्यांची निर्वाणा ४० टक्क्यांची आणि सर्वात स्वस्त, ब्रिलियन्स ४६ टक्क्यांची आणि धुराशिवाय. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून सुट्टीहून भरून आणायचा मोह होईल, पण परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडली तर ती जप्त होऊ शकते. माझं मत, सिंगल माल्ट दुसरी बाटली म्हणून घ्या. सोड्यात घालणार असाल तर तिचे पैसे फेकून दिल्यासारखेच.

शेवटी त्याने टीचर्सचा खंबा घेतला. भारतीय ब्लेंडच्या क्वार्टरमध्ये दोन पेग उरले होते, ते त्याच्या रूममेटने कोलात घालून संपवले. खंबा कपाटात उभा ठेवायला सांगितलं आहे, उन्हापासून लांब. पंधरवड्याने फोन केला तेव्हा म्हणाला, "दादा, अर्धी झाली. सोडा मात्र दोन पेट्या संपला."