लेक्चरच्या ट्रान्स्क्रिप्टचा सारांश: गाळायचा, साच्यात बसवायचा, की आधी फळा उभा करायचा?

तासाभराच्या लेक्चरची ट्रान्स्क्रिप्ट साधारण 7-8 हजार शब्दांची होते. त्यातला बराच भाग ‘ओके’, ‘बरोबर?’, ‘मागे काय चाललंय?’ यांत गेलेला असतो. उरलेल्यातही जे खरं महत्त्वाचं, ते सरांनी बोलून दाखवलेलंच नसतं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलेलं असतं आणि तोंडाने फक्त ‘हे’, ‘इथून’, ‘याला’ म्हटलेलं असतं. अशा मजकुरातून दोन पानांचा सारांश काढायचे तीन मार्ग लोक वापरतात. तिघांची परीक्षा एकाच उताऱ्यावर घेऊ, म्हणजे कुठला कुठे लंगडा पडतो ते दिसेल.

विषय घेऊ डायक्स्ट्राच्या अल्गोरिदमचा. एका ठिकाणापासून बाकी सगळ्या ठिकाणांचं सर्वांत कमी अंतर काढायची ही रीत इंजिनिअरिंगला आणि बीसीएलाही असते आणि ती शिकवताना हमखास फळ्यावर आकडे लिहून खोडले जातात. उतारा नमुन्यादाखल मी रचलेला आहे, पण वर्गात बसलेल्याला ओळखीचा वाटेल:

> तर आता बघा, इथून इथे चार आहे, आणि इकडे, काय, एक. ओके? मग लहान कोण? हा. म्हणून याला गोल करा. आता याच्यातून गेलो तर इथे एक आणि दोन, तीन. मग हे चार खोडा. खोडलं? मागचे, बोलणं बंद. आणि इकडे आठ आहे, म्हणजे आठ… नाही नाही, एक आणि आठ, नऊ. नऊ लिहा. मग आता हा. तीन. तीन आणि पाच, आठ. मग हे पण खोडा. झालं.

गाळत जाणं

सर्वांत सोपा मार्ग. वरून खाली वाचत जायचं, भरतीचे शब्द काढायचे, वाक्यं सरळ करायची, मग आखडायची. वरच्या उताऱ्याचं असं काहीतरी होतं: ‘सुरुवातीला चार आणि एक ही अंतरं. त्यातलं लहान निवडा. त्यातून गेल्यास तीन, म्हणून चार खोडा. दुसरीकडे आठ. पुढे तीन आणि पाच मिळून आठ, म्हणून तेही खोडा.’

वाचायला गुळगुळीत आहे आणि चुकलेलं आहे. ‘नाही नाही’ हे दोन शब्द भरतीचे समजून गेले आणि त्यांच्याबरोबर सरांनी केलेली दुरुस्तीही गेली. सर आधी आठ म्हणाले, मग स्वतःच थांबून नऊ केले. सारांशात राहिला तो चुकीचा आठ. गंमत अशी की शेवटचं उत्तरही आठच येतं. त्यामुळे उत्तर पडताळून ही चूक कधीच सापडणार नाही. ती सापडते ती एका वेगळ्या खुणेवरून: या रीतीत जुना आकडा तेव्हाच खोडतात, जेव्हा नवा त्याहून लहान असतो. इथे आठ खोडून पुन्हा आठ लिहिलाय. असं होऊच शकत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी गळलंय.

म्हणून गाळायचंच असेल तर एक पथ्य पाळा. ‘नाही’, ‘थांबा’, ‘सॉरी’, ‘चुकलं’, ‘परत बघा’ हे शब्द दिसले की हात आवरायचा आणि त्यांच्या आधीचं वाक्य रद्द झालं का ते बघायचं. उलट ‘ओके’, ‘काय’, ‘बरं का’ बिनधास्त उडवा. ट्रान्स्क्रिप्ट आपोआप तयार झालेली असेल तर आणखी सावध राहा. त्यात बऱ्याचदा विरामचिन्हं नसतात, आणि ‘आठ नाही नाही एक आणि आठ नऊ’ हे सलग वाचताना कुठे मोडायचं तेच कळत नाही.

साच्यात बसवणं

दुसऱ्या मार्गाने जाणारे ट्रान्स्क्रिप्ट जवळजवळ बाजूलाच ठेवतात. पुस्तकातला धडा उघडायचा, त्याच्या मथळ्यांचा सांगाडा घ्यायचा आणि ट्रान्स्क्रिप्टमधून जे सापडेल ते त्या कप्प्यांत टाकायचं. फळ्याचा प्रश्न उरतच नाही, कारण आकृती पुस्तकातली येते.

विषय ठरीव असेल आणि परीक्षा उद्यावर असेल तर हा मार्ग वाईट नाही, हे मान्य. पण यातून निघतो तो धड्याचा सारांश, लेक्चरचा नव्हे. पुस्तकात प्रायॉरिटी क्यू असेल आणि सरांनी अजून ती शिकवलीच नसेल, तरी ती सारांशात येऊन बसते. आणि जे फक्त वर्गातच सांगितलं गेलं ते निसटतं. दोन नोडचं, म्हणजे ठिकाणांचं, अंतर सारखं आलं तर कुठला आधी घ्यायचा, याची सोय प्रत्येक शिक्षक आपल्या परीने ठरवतो. ‘आपण वर्णक्रमाने आधीचा घेऊ’ असं ते जाता जाता बोलून जातात आणि पुढची सगळी उदाहरणं त्याच सोयीने सोडवतात. ती ओळ हरवली तर वहीतली आणि वर्गातली पायऱ्यांची क्रमवारी जुळत नाही आणि अनुपस्थित मित्र विनाकारण आपलंच चुकलं समजून डोकं खाजवत बसतो.

आधी फळा उभा करणं

तिसरा मार्ग वेळखाऊ आहे, पण माझा कल तिकडेच आहे. यात सारांशाचं एकही वाक्य लिहिण्याआधी फळा कागदावर परत मांडायचा. ट्रान्स्क्रिप्ट वाचताना प्रत्येक ‘हे’, ‘इथे’, ‘याला’ खाली रेघ मारायची आणि शेजारच्या रकान्यात तो शब्द कशाकडे बोट दाखवतोय ते लिहायचं. त्यासाठी पुढची वाक्यं मदतीला येतात. ‘एक आणि दोन, तीन, मग हे चार खोडा’ यात तीन कुठे लिहिला ते सांगितलेलं नाही, पण खोडलेल्या चारवरून कळतं: ज्या नोडला आधी चार होता, तोच हा. ‘इकडे आठ’ म्हणताना मात्र जुनं काही खोडलेलं नाही, म्हणजे हा नवा नोड. शेवटी ‘तीन आणि पाच, आठ, हे पण खोडा’ म्हणजे तिथला नऊ गेला.

सरांनी नोडची नावं घेतलीच नाहीत, म्हणून ती आपण द्यायची. सुरुवातीचा ए, चार वाला बी, एक वाला सी, नंतर आलेला डी. ‘गोल करा’ म्हणजे त्या नोडचं अंतर पक्कं झालं. मग फळा असा उभा राहतो:

| पायरी | बी | सी | डी |
|---|---|---|---|
| सुरुवात | 4 | 1 | ∞ |
| सी पक्का केल्यावर | 3 | 1 | 9 |
| बी पक्का केल्यावर | 3 | 1 | 8 |

आता एज, म्हणजे नोड जोडणाऱ्या रेघा, त्याही मोजता येतात: ए ते बी 4, ए ते सी 1, सी ते बी 2, सी ते डी 8, बी ते डी 5. प्रत्येक बेरीज जुळते आणि खोडलेला प्रत्येक आकडा नव्यापेक्षा मोठा आहे. ही पडताळणी गाळलेल्या सारांशाला जमली नव्हती.

यातलं काय ऐकलेलं आणि काय ताडलेलं, ते मात्र वेगळं दाखवायला हवं. पहिल्या ओळीतलं अनंताचं चिन्ह कुणी उच्चारलेलं नाही. सरांनी ती जागा मोकळीही सोडली असेल. ए पासून डी ला थेट एज नाही, हेही आपण ताडलं, कारण असती तर पहिल्याच वाक्यात तिचा आकडा आला असता. आणि एजना बाण होते की साध्या रेघा होत्या, हे या उताऱ्यातून कळायला मार्गच नाही. या उदाहरणात दोन्ही धरून अंतरं तीच येतात, म्हणून सारांश अडत नाही, पण तेवढं नमूद करून पुढे जायचं. मी ताडलेल्या गोष्टी चौकटी कंसात ठेवतो आणि न कळलेल्या जागी प्रश्नचिन्ह. कंसांनी भरलेला सारांश दिसायला कुरूप असतो, हे खरं.

व्हिडिओ असेल तर हे काम निम्मं होतं. सबंध तास बघायची गरज नाही. रेघा मारलेल्या जागांच्या वेळा बघायच्या आणि सर डस्टर उचलतात त्याच्या लगेच आधी थांबवायचं, कारण फळा सर्वांत भरलेला तेव्हा असतो. नुसता तासाच्या शेवटी काढलेला फोटो असेल तर त्यात शेवटची स्थिती दिसते, क्रम दिसत नाही. क्रम ट्रान्स्क्रिप्टमध्ये असतो. दोन्ही शेजारी ठेवले तरच पूर्ण चित्र मिळतं. काट मारून खोडणारे शिक्षक असतील तर नशीब, डस्टरने पुसणारे असतील तर मधला नऊ फोटोतून कायमचा गेलेला.

फाटे फुटतात तेव्हा

विषयांतराला तिन्ही मार्ग वेगवेगळी वागणूक देतात. गाळणारा ते अर्धवट ठेवतो, साचावाला सरसकट कापतो. समजा सरांनी मध्येच सांगितलं की डायक्स्ट्रा यांना 1956 साली ही रीत ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिताना सुमारे वीस मिनिटांत सुचली, कागद-पेन्सिल नसताना, आणि ती छापली गेली 1959 मध्ये. गोष्ट छान आहे, सारांशात अर्धी ओळ पुरे. पण पुढे सर पुण्याच्या ट्रॅफिकवर घसरले आणि म्हणाले, ‘जवळचा रस्ता घेऊन काय उपयोग, तिथे अर्धा तास अडकतो’, तर तो फाटा विषयाच्याच पोटातला आहे: एजचं वेट म्हणजे अंतरच असायला हवं असं नाही, वेळही चालतो. ओळखायची खूण एकच, पुढच्या दहा मिनिटांत सर त्या फाट्याकडे परत आले का? आले असतील तर तो ठेवायचा. ‘ऋण वेट असेल तर हे चालत नाही, ते बेलमन-फोर्डला बघू’ असे पुढच्या तासाकडे बोट दाखवणारे तुकडे तर कितीही ओझरते असोत, ठेवायचेच.

मग कुणी काय निवडावं

तुम्ही स्वतः वर्गात होतात आणि वहीत आकृती आहे, तर गाळणं पुरतं. फळा वहीत आहेच, ट्रान्स्क्रिप्टमधून फक्त सरांची टिप्पणी आणि दुरुस्त्या उचलायच्या आहेत. विषय पुस्तकाबरहुकूम शिकवला गेला आणि हाताशी एक संध्याकाळ आहे, तर साचा घ्या, फक्त वर्गातल्या सोयी आणि पुढच्या तासाचे उल्लेख तेवढे शोधून शेवटी वेगळे लिहा. तुम्ही वर्गात नव्हतात, किंवा सारांश वर्गात नसलेल्यांसाठीच काढताय, तर फळा उभा केल्याशिवाय सुरू करू नका. तासभराचं लेक्चर असेल तर त्यात अख्खी दुपार जाऊ शकते, विशेषतः गणिती विषयात. इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर चार शब्द आणि एक आलेख असतो, तिथे एवढा खटाटोप फक्त त्या आलेखापुरता करावा.

आणि प्रश्नचिन्हं उरलीच, तर सगळं लेक्चर पुन्हा ऐकत बसू नका. पुढच्या बाकावर बसणाऱ्याची वही मागा आणि नेमकं तेवढंच विचारा: त्या आकृतीत बाण होते का?