क्रूरता की परित्याग: घटस्फोटाचा अर्ज कशाच्या आधारे करायचा?

जोडीदार संमतीने घटस्फोट द्यायला तयार नसेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं. बहुतेक अर्जांत क्रूरता आणि परित्याग ही दोन्ही कारणं शेजारी-शेजारी असतात. ती एकत्र मांडता येतात, पण प्रत्येकाचा पुरावा वेगळा लागतो.

परित्याग वरवर सोपा वाटतो. अर्ज दाखल करण्याआधी सलग दोन वर्षं जोडीदार सोडून गेलेला असावा, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण नुसतं वेगळं राहणं म्हणजे परित्याग नव्हे. संसार कायमचा मोडण्याच्या इराद्याने, योग्य कारणाशिवाय आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो गेला, हे अर्जदाराने दाखवायचं असतं. बिपिनचंद्र शहा खटल्यात (१९५७) पत्नी मुंबईचं घर सोडून जळगावला माहेरी गेली होती. पुढे माहेरच्यांनी तिला परत पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा नवऱ्याने तिला पाठवू नका अशी तार केली. तो सर्वोच्च न्यायालयात हरला. आज तारेच्या जागी व्हॉट्सॲप आहे. रागाच्या भरात ‘परत पाऊल टाकू नकोस’ असं लिहिलं असेल, तर समोरचा वकील तोच मेसेज आधी दाखवणार.

म्हणून परित्यागाच्या दाव्यात जाण्याच्या तारखेइतकंच नंतरचं वागणं महत्त्वाचं असतं: कोण कोणाला बोलवायला गेलं, नांदायला येण्याची नोटीस कधी पाठवली, तिला काय उत्तर आलं. दोन वर्षं संपत आली असताना घाईने पाठवलेल्या नोटिशीकडे न्यायालय संशयानेच बघतं.

क्रूरतेला दोन वर्षं थांबावं लागत नाही. लग्नाला एक वर्ष झालेलं असावं, ही सर्वसाधारण अट मात्र आहेच. इथे अडचण वेगळी असते. ‘सासरी कायम छळ व्हायचा’ हे वाक्य उलटतपासणीत टिकत नाही. तारीख, जागा, काय घडलं आणि कोण हजर होतं, हे अर्जातच यावं. पुण्याच्या दास्ताने खटल्यात (१९७५) न्यायालयाने स्पष्ट केलं की फौजदारी खटल्यासारखी नि:संशय सिद्धता लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहिलं जातं. तरीही तिथला नवरा हरला. क्रूरता मान्य झाली, पण त्यानंतर दोघं पती-पत्नी म्हणून नांदले होते, म्हणून त्याने ती माफ केली असं धरलं गेलं. असं माफ झालेलं वागणं पुन्हा तसंच काही घडलं तर जिवंत होऊ शकतं. या बारकाव्यावर अनेक दावे तरतात किंवा बुडतात.

समजा, नाशिकच्या एका बाईला २०२२ मध्ये मारहाण झाली. पोलिसांच्या समुपदेशनानंतर ती परत नांदायला गेली. जून २०२३ मध्ये पुन्हा मार बसला, आणि त्याच रात्री ती माहेरी संगमनेरला निघून आली. आता नवरा म्हणतो, तीच सोडून गेली. तिच्याकडे सरकारी दवाखान्याचा केसपेपर, अदखलपात्र तक्रारीची प्रत आणि त्या रात्री बहिणीला केलेले मेसेज आहेत. माझ्या मते तिने क्रूरता हेच मुख्य कारण ठेवावं. २०२२ ची घटना पार्श्वभूमी म्हणून मांडावी, भर २०२३ वर द्यावा. जाण्याला सबळ कारण होतं हे याच पुराव्यातून दिसतं, त्यामुळे नवऱ्याचा परित्यागाचा दावा ढिला पडतो. घर सोडायला भाग पाडणाराच परित्याग करणारा ठरू शकतो, म्हणून ते कारणही पर्यायी म्हणून जोडता येईल. बहीण ‘घरचीच साक्षीदार’ म्हणून आपोआप बाद होत नाही. चार भिंतींआड घडलेलं घरच्यांनाच ठाऊक असतं.

फौजदारी तक्रारीचं मात्र दुहेरी आहे. नुसती तक्रार केली म्हणून ती क्रूरता होत नाही, पण ती जाणूनबुजून खोटी ठरली तर दुसऱ्या बाजूला तेच घटस्फोटाचं कारण मिळतं.

चोरून केलेलं कॉल रेकॉर्डिंग चालतं का? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटल्यांत ते पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलं. आवाज कोणाचा आणि छेडछाड झाली का, हे तपासलं जातंच. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे जुना फोन विकू नका, आणि चॅट निवडून पुसून टाकू नका. अर्धं संभाषण दाखवलं तर उरलेलं अर्धं समोरचा आणतो.