बंद पडलेला फोन आणि शेजारच्या दादांची पॉवर बँक: सात महिन्यांच्या वापरानंतर

ज्या पॉवर बँकेविषयी मी लिहीत आहे ती मी विकत घेतलेली नव्हती. ती माझ्याकडे एका रात्री उसनी आली आणि राहून गेली. मी रात्रपाळीत औषधे आणि तातडीची कागदपत्रे पोहोचवतो. पाळी रात्री दहाला सुरू होते, पहाटे पाचला संपते, आणि या सात तासांत फोनची स्क्रीन जवळजवळ सतत चालू असते.

त्या रात्री पाऊस होता आणि हवा बरीच गार होती. पावणेदोनच्या सुमारास एका बंद दारापाशी पाकीट ठेवून मी पुराव्याचा फोटो काढत होतो. बॅटरी तेवीस टक्के दिसत होती. फ्लॅश उडाला आणि त्याच क्षणी फोन बंद पडला. मी तो पुन्हा चालू केला, चिन्ह दिसले, आणि सुरू होता होता तो परत विझला. हेच मी आणखी दोनदा केले. शेवटी रिकाम्या बॅटरीचे चित्र काय ते उरले. पेटीत अजून नऊ पाकिटे होती. त्यांचे पत्ते वर छापलेले होते, पण मार्गाचा क्रम, ग्राहकांचे क्रमांक आणि पाकीट देताना टाकायचा ओटीपी हे सारे त्या बंद फोनमध्येच होते. पत्ता शोधत कसाबसा पोहोचलो असतो, तरी औषध हातात देता आले नसते.

पुढचा पत्ता माझ्याच गल्लीच्या पलीकडचा होता, हे नशीब. शेजारचे दादा भाड्याची टॅक्सी चालवतात आणि दोनच्या आसपास घरी येतात. ते गाडी लावतच होते. माझा बटण दाबण्याचा खटाटोप पाहून त्यांनी आधी फोनच काढून घेतला. "बटण दाबत बसू नकोस, प्रत्येक वेळी चालू करताना तो उरलंसुरलं खातोय. शर्टाच्या आत धर, ऊब मिळू दे, आणि वायर लावून दहा मिनिटं त्याच्याकडे बघूही नकोस," असे म्हणून त्यांनी गाडीच्या कप्प्यातली पॉवर बँक आणि एक आखूड वायर माझ्या हातात ठेवली.

दादांचे म्हणणे बरोबर का होते, हे मला नंतर समजले. माझा फोन अडीच वर्षांचा होता. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. नकाशा, जीपीएस, उजळ स्क्रीन आणि त्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश यांनी एकदम मोठा प्रवाह मागितला, की बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खाली कोसळते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणजे तेवीस टक्के हा आकडा साफ खोटा नव्हता. ऊर्जा आत होती, ती एका झटक्यात देण्याची ताकद मात्र उरली नव्हती. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. बंद पडलेला फोन चार्जर लावताच पंधरा-वीस टक्के दाखवू लागला, तर बॅटरी रिकामी नव्हती, थकलेली होती. माझ्या बाबतीत जुन्या बॅटरीचा आकडा थोडा फुगलेलाही असावा आणि तीनदा चालू करण्यात मी उरलेल्यातले आणखी थोडे घालवले होते, म्हणून नऊ मिनिटांनी फोन उघडला तेव्हा चार टक्के दिसले. फार खाली गेलेली बॅटरी सुरुवातीला अगदी हळू भरली जाते, तेव्हा या काळात काहीच घडत नाही असे वाटले तरी वायर काढू नये.

उरलेली नऊ पाकिटे मी पॉवर बँक जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून पोहोचवली. शेवटचे पाकीट पाच वाजून दहा मिनिटांनी दिले.

दुसऱ्या दिवशी बँक परत करायला गेलो, तर दादांनी गाडीच्या कप्प्यात दुसरी आधीच ठेवली होती आणि ही मला वापरायला दिली. पुढच्या महिन्यात मी त्यांना तशीच नवी आणून दिली, तेव्हाच मला ही माझी म्हणण्याचा हक्क मिळाला.

आता वस्तूविषयी. पॉवर बँकेवर 10,000 एमएएच असे मोठ्या अक्षरांत आहे आणि माझ्या फोनची बॅटरी 5,000 ची आहे, म्हणून फोन दोनदा भरेल असा हिशेब मीही केला होता. तो चुकतो. हा आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचा असतो, म्हणजे एकूण 37 वॉट-तास. बाहेर मात्र 5 व्होल्ट द्यावे लागतात आणि या बदलात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 5 व्होल्टला 6,000 एमएएच, म्हणजे 30 वॉट-तास, असे छापलेले आहे आणि खरेदी करताना वाचायचा आकडा तोच. फोन भरताना त्याच्यातही थोडी गळती होते. माझ्या अनुभवात एक पूर्ण चार्ज आणि वर साधारण एक तृतीयांश, एवढेच मिळते. रात्रपाळीला ते पुरते.

दुसरा अपेक्षाभंग वेगाचा. ही बँक जास्तीत जास्त 10 वॉट देते. स्क्रीन बंद ठेवली तर पाऊण तासात फोन तीसेक टक्के चढतो, पण नकाशा चालू असताना तेवढ्याच वेळात वीस टक्क्यांवर समाधान मानावे लागते, कारण येणाऱ्या विजेतला मोठा वाटा फोन तिथल्या तिथे खर्च करतो. त्यात मी पहिल्या महिन्यात घरातली लांब, बारीक वायर वापरली आणि टक्के जागचे हलेनात. दोष बँकेला दिला. बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच घसरते. दादांची आखूड, जाड वायर परत लावली आणि तक्रार मिटली. तिचे टोक मात्र सरळ असल्याने हँडलवरच्या स्टँडमध्ये ते सतत वाकत असे, म्हणून काटकोनी टोकाची वायर घेतली. सगळ्या सामानात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कदाचित तीच असेल.

उणिवा आहेत. चार दिव्यांचा दर्शक विश्वासाचा नाही. पहिला दिवा लवकर विझतो आणि शेवटचा बराच वेळ टिकून एकदम जातो. कानातल्या यंत्राची पेटी लावली तर प्रवाह इतका कमी असतो की बँक काम संपले असे समजून स्वतःच बंद होते. पावसाळी आवरणात बंद केलेला फोन चार्ज होताना तापतो आणि चार्जिंग थांबवतो, म्हणून आता मी आवरणाची खालची कड उघडी ठेवतो. बँक स्वतः भरायला जवळजवळ पाच तास घेते, तेव्हा पाळीआधी तासभर लावून भागत नाही.

दर आठवड्याला ती मी सपाट टेबलावर ठेवून डुलते का ते बघतो. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी वापर बंद करायचा, असे दादांनी बजावले आहे. अजून ती सपाट आहे. फोनची बॅटरी मी तिसऱ्या महिन्यात बदलली आणि तेव्हापासून फ्लॅशच्या वेळी फोन बंद पडलेला नाही. तरीही फोन तिसाखाली गेला की फोटो काढण्याआधी मी वायर जोडतो, आणि पुढच्या तीन पत्त्यांचा क्रम पेटीच्या झाकणावर पेन्सिलने लिहून ठेवतो.