शुगर फ्री खाताय, पण पोट गच्च? चिंगम, चॉकलेट आणि बर्फी यांतलं काय निवडायचं

ठाण्याहून रोज ऐरोलीला नोकरीसाठी जाणारा एक जण माझ्याकडे आला होता. वय ३८, सिगारेट सोडून तीन महिने झालेले. तक्रार अशी की दुपारपासून पोट फुगतं, गुडगुडतं, आणि संध्याकाळी घरी येताना ट्रेनमध्ये बसायची भीती वाटते. त्याने दूध बंद केलं, गहू बंद केला, फरक शून्य. दिवसभर तोंडात काय काय जातं ते लिहून आणायला सांगितलं, तेव्हा चोर सापडला: १२ शुगर फ्री चिंगम आणि जेवणानंतर अर्धं शुगर फ्री चॉकलेट.

चिंगममध्ये गोडी येते ती बहुधा सॉर्बिटॉलची, आणि एका गोळीत साधारण १ ग्रॅम धरा. म्हणजे तिथेच १२ ग्रॅम झाले. ते अर्धं चॉकलेट ४० ग्रॅमचं, त्यात माल्टिटॉल १५ ग्रॅमच्या आसपास. एकूण २७. सॉर्बिटॉलचा हिशोब सांगायचा तर ५ ते २० ग्रॅममध्येच बऱ्याच जणांना गॅस आणि मुरडा सुरू होतो, आणि त्यापुढे जुलाब. माल्टिटॉल त्या मानाने थोडं जास्त सोसतं, पण दोन्हींची बेरीज होते, आणि हा गडी सीमेवरच बसला होता.

असं होतं कारण ही साखर-अल्कोहोलं (नावावर जाऊ नका, यात दारू नसते) लहान आतड्यात अर्धवटच शोषली जातात. उरलेली स्वतःकडे पाणी ओढतात, म्हणून शौच पातळ होते. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, म्हणून गॅस. २००८ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत छापली होती. एका २१ वर्षांच्या मुलीचं वजन ११ किलोंनी उतरलं होतं. ती चिंगममधून रोज १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल घेत होती. ते बंद केल्यावर जुलाब थांबले.

आता निवड. माझा एकच प्रश्न असतो: या पदार्थात साखर फक्त गोडीसाठी आहे, की त्याचं अंगच साखरेचं आहे?

चॉकलेट, गोळ्या, टॉफी यांचं अंग साखरेचं. साखर काढली की तेवढीच भर घालणारं काहीतरी लागतं, आणि ते बहुधा माल्टिटॉल, सॉर्बिटॉल किंवा आयसोमाल्ट असतं. त्यातून माल्टिटॉलमुळे रक्तातली साखर थोडी वाढतेच. म्हणजे मधुमेही माणसाच्या पदरात अर्धाच फायदा आणि पूर्ण पोटदुखी. मी तरी मोठं शुगर फ्री चॉकलेट घेण्याऐवजी साध्या डार्क चॉकलेटचा एक चौकोन खा म्हणते.

काजू कतली किंवा खव्याची बर्फी असेल, तर भर काजू-खव्याची असते, तिथे सुक्रालोजवर भागतं. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, त्यामुळे ते चिमूटभरच पडतं आणि पाणी ओढण्याइतकं उरतच नाही. पोटाच्या दृष्टीने हा पर्याय सरस. फक्त खव्यातलं दूध पचत नसेल तर पोट त्यानेही फुगेल. सुटी मिठाई घेताना 'गोड कशाने केलंय?' हे विचारा. 'शुगर फ्री आहे ताई' एवढंच उत्तर मिळालं, तर मी पुढच्या दुकानात जाते. आणि खजूर-अंजीर बर्फीला शुगर फ्री समजू नका, ती साखरच आहे, फळातली.

चिंगममध्ये निवडायला फारसं काही नाही, दिवसाला दोन-तीनवर थांबा. चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच. एरिथ्रिटॉल असलेलं काही मिळालं तर ते पोटाला सौम्य, कारण त्यातलं बहुतेक लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे निघून जातं. डाएट कोल्ड्रिंकमध्ये सहसा ही मंडळी नसतात. तिथलं पोट फुगणं सोड्याचं.

पाकिटावर ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. ही अक्षरं बारीक असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून बघा.

खात्री करायची तर पाच दिवस फक्त हेच पदार्थ बंद ठेवा, बाकी आहार तसाच. शौच घट्ट झाली की पुन्हा सुरू करून बघा, दोन दिवसांत उत्तर कळतं. पण मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना त्या गोळीनेही जुलाब होतात, तेव्हा परस्पर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, ताप किंवा उतरत चाललेलं वजन असेल, तर चिंगमवर खापर फोडत बसू नका, तपासणी करा.

आपल्या ऐरोलीवाल्याचं पोट चौथ्या दिवशी शांत झालं. तोंड चाळवायला तो आता बडीशेप आणि लवंग ठेवतो, आणि चिंगम फक्त सकाळच्या गाडीत, एकच.