बिजागरीची भिंत की सुटा ठोकळा? काचेच्या टाकीतलं रिटेनिंग वॉलचं मॉडेल निवडताना

जिओटेक्निकलच्या प्रयोगशाळेसाठी रिटेनिंग वॉलचं मॉडेल करायचं ठरलं की वाद दोन प्रकारांत होतो. एकात काचेच्या टाकीत तळाशी बिजागरी लावलेली ताठ फळी असते, आणि तिचं वरचं टोक स्क्रूने पुढेमागे करता येतं. दुसऱ्यात काँक्रीटचा सुटा ठोकळा वाळूवर ठेवायचा आणि त्यामागे वाळू भरायची. दोन्हींचा आकार सारखाच धरू: भिंत 300 मिमी उंच, टाकीची रुंदी 200 मिमी, कोरडी सैल वाळू, तिचा घर्षणकोन 30 अंश आणि एकक वजन घनमीटरला 15 किलोन्यूटन.

बिजागरीच्या भिंतीचं काम मोजण्याचं. रँकिनच्या हिशेबाने या भिंतीवर ॲक्टिव्ह अवस्थेत, म्हणजे ती वाळूपासून जरा दूर सरकून दाब किमान झाल्यावर, सुमारे 45 न्यूटन जोर येतो, भिंत अजिबात हलू न दिल्यास 67 च्या आसपास. हा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर धरला, तर वरच्या टोकाला धरून ठेवायला अनुक्रमे 15 आणि 22 न्यूटन लागतात. म्हणजे दीड किलो आणि सव्वादोन किलो. इथेच बहुतेकांचा मोह होतो: मग साधा स्प्रिंग काटाच लावू की!

तो लावू नका. सैल वाळूत ॲक्टिव्ह अवस्था यायला वरचं टोक उंचीच्या हजारात चार भाग, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकलं तरी पुरतं. घट्ट वाळूत त्याच्या चौथाई. स्प्रिंग काटा स्वतःच त्याहून जास्त ताणला जातो. परिणामी भिंत ‘स्थिर’ आहे असं समजून मुलं आकडा लिहितात, तेव्हा ती ॲक्टिव्हला पोचलेली असते, आणि दोन्ही वाचनं जवळपास सारखी येतात. लोड सेल लावा, शेजारी डायल गेज. स्क्रूची एकेक चौथाई फिरकी दिली की जोर उतरत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. मला विचाराल तर सगळ्या मॉडेलमध्ये बघण्यासारखा क्षण तोच.

काचेतून घसरणीची पाचर दिसायला मात्र वाळूत दर 30 मिमीला रंगीत थर हवा. भिंत वाळूपासून जरा जास्तच दूर घेतली की थर तुटतात, आणि त्या तुटीचा कोन काचेवर कोनमापक लावून मोजता येतो. अपेक्षा आडव्याशी 60 अंशांची. तो 63–64 आला तर वाळू ठरवली त्यापेक्षा घट्ट भरली गेली. म्हणून ती दर वेळी ठरलेल्या उंचीवरूनच पाडायची.

आता ठोकळा. त्याला सेल नको, गेज नको, आणि कोसळणं तो जसं दाखवतो तसं बिजागरी कधीच दाखवू शकत नाही, कारण तिच्या भिंतीला घसरायची किंवा तळ सोडायची मुभाच नसते. 100 मिमी जाडीचा, टाकीच्या रुंदीएवढा काँक्रीटचा ठोकळा सुमारे 144 न्यूटनचा होतो. उलटण्याविरुद्ध सुरक्षा गुणांक 1.6. कागदावर ठीक आहे. पण वजन आणि दाब यांची फलित रेषा पुढच्या कडेपासून फक्त 19 मिमीवर तळाला भेटते, म्हणजे मधल्या तृतीयांशाच्या बाहेर. खालची वाळू सैल असेल तर पुढची कड आधी रुतते, ठोकळा झुकतो आणि मग लवंडतो. भिंत ‘उलटली’ असं मुलं लिहितात, खरं तर तळाची माती हरलेली असते. हाच ठोकळा घट्ट ठोकलेल्या थरावर उभा राहतो. त्याखाली गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा सरकवून घर्षणांक 0.31 च्या खाली नेला की तो सरळ पुढे घसरतो. एकाच ठोकळ्यात दोन वेगळे मृत्यू!

ठोकळ्याचे त्रास वेगळे. बाजूच्या फटीतून वाळू गळते, म्हणून फोमची पट्टी लावावी लागते, आणि ती घट्ट बसली की भिंतीला तीच धरून ठेवते. मागे पाणी भरून दाब अडीचपट होतो हे दाखवायचा विचार असेल तर इथे तो सोडा, फटीतून पाणी निसटतं. भरताना पुढून लाकडी टेकू लागतो, तो हळू काढायचा.

पावसाळ्यात दोन्ही मॉडेलं फसवतात. मुठीत दाबलेल्या वाळूचा गोळा तसाच राहिला तर ती ओलसर आहे. तिला खोटा चिकटपणा येतो आणि टेकू काढला तरी काही घडत नाही. भट्टीत वाळवूनच भरा.

आणि दोन्ही मॉडेलांत दाब खऱ्या भिंतीच्या मानाने नगण्य असतो. एवढ्या कमी दाबाला वाळू जास्त ताकदवान वागते, म्हणून इथला कोन उचलून डिझाइनमध्ये घालू नये. खऱ्या उंचीचा ताण लहान मॉडेलमध्ये हवा असेल तर आयआयटी मुंबईत आहे तसा सेंट्रिफ्यूज लागतो.

डिप्लोमाच्या वर्गाला मी ठोकळा देईन, डिग्रीच्या प्रॅक्टिकलला बिजागरी. पैसे एकदाच मिळणार असतील तर बिजागरीची टाकी करा आणि फळी काढता येईल अशी ठेवा, ठोकळा नंतर केव्हाही ओतता येतो. फक्त सुताराला लांबी सांगताना घाई नको. ॲक्टिव्हची पाचर वर भिंतीपासून 175 मिमीत संपते, पण भिंत आत ढकलून पॅसिव्ह दाखवायचा झाला तर ती 520 मिमीपर्यंत जाते. टाकी भिंतीमागे अर्ध्याच मीटरची असली तर पाचर मागच्या काचेवर आदळते आणि वाचन फुगतं. 700 मिमी सांगा.