लोकरीच्या स्वेटरवरचे गोळे काढणारे यंत्र : एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि ते दोन-अडीच महिने घरातले स्वेटर रोज अंगावर असतात. या वापरात काखेत, कोपरांवर आणि पिशवीचा पट्टा जिथे घासतो त्या खांद्यावर गोळे धरतात. ते काढण्यासाठी बॅटरी सेलवर चालणारे लहान यंत्र घेतले आणि संपूर्ण हिवाळा ते वापरले. साध्या, सपाट विणीच्या स्वेटरवर ते उत्तम काम करते. मात्र हात हलका ठेवावा लागतो आणि नक्षीदार विणीवर ते चालवू नये, असे माझे मत झाले आहे.

गोळा कसा तयार होतो हे कळले की यंत्र कसे वापरायचे तेही उमगते. घर्षणाने धाग्यातले आखूड तंतू बाहेर येतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचा गोळा होतो. पण त्या गोळ्याची काही टोके अजून धाग्यातच रुतलेली असतात. म्हणून गोळा बोटांनी ओढला तर त्याच्यासोबत आणखी तंतू बाहेर येतात आणि थोड्याच दिवसांत त्या जागी नवा गोळा दिसतो. गोळा ओढायचा नसतो, कापायचा असतो. शुद्ध लोकरीवरचे काही गोळे वापरात आपोआप गळून पडतात, परंतु ॲक्रिलिक मिसळलेल्या लोकरीत ते चिवट तंतू गोळ्याला धरून ठेवतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वेटरांत अशी मिसळ असते, त्यामुळे आतली पट्टी आधी वाचावी.

यंत्राच्या तोंडाशी बारीक छिद्रांची धातूची जाळी असून तिच्यामागे पाती फिरतात. छिद्रातून जेवढे आत शिरेल तेवढे कापले जाते, मग तो गोळा असो की विणीचा टाका. जाळीवर बसवायची प्लास्टिकची टोपी कापड आणि जाळी यांत अंतर राखते, आणि माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. ही टोपी नसलेले यंत्र लोकरीसाठी घेऊ नये.

राखाडी रंगाच्या, सुलट विणीच्या एका मिश्र लोकरीच्या स्वेटरचे काम असे केले. तो धुऊन पूर्ण वाळवला होता, कारण ओलसर लोकर जाळीत अडकते. टेबलावर तो ताण न देता सपाट पसरला आणि बाहीच्या शिवणी खाली येणार नाहीत असे पाहिले, कारण उंचवट्यावर पाती खोल जातात. खिडकीचा उजेड बाजूने येऊ दिला, म्हणजे प्रत्येक गोळ्याची सावली दिसते. मग टोपी लावून यंत्र न दाबता, लहान गोल फेऱ्यांनी फिरवले. एका जागी ते थांबवले नाही आणि डबी अर्धी भरताच रिकामी केली. डबी भरली की गोळे ओढले जाऊ लागतात. सेल उतरल्यावरही तसेच होते, म्हणून आवाज मंदावला की काम थांबवावे. काखेत गोळे दाट होते, तिथे हलक्या हाताने पुन्हा एक फेरी दिली. टोपी काढण्याची गरज कुठेही पडली नाही.

मधूनमधून स्वेटर उजेडासमोर धरून पाहावा. आजूबाजूच्या विणीपेक्षा एखादी जागा विरळ दिसली तर तिथे हात थांबवावा, कारण प्रत्येक वेळी थोडी लोकर जातेच. टाका कापला गेला असेल तर त्याचे टोक ओढू नये. मोकळ्या झालेल्या शेजारच्या टाक्यांतून त्याच रंगाचा धागा सुईने ओवून ते आधी सुरक्षित करावेत आणि मग रफू करावे.

आईने विणलेल्या वेणीच्या नक्षीच्या स्वेटरवर मी यंत्र लावले नाही. वेणीचे उंच टाके जाळीत सहज शिरतात. तिथे एकेक गोळा बोटाने किंचित उचलून, टोकदार लहान कात्रीने कापडाला समांतर कापला. वेळ पुष्कळ लागला, पण हाताच्या विणीसाठी तोच मार्ग योग्य वाटतो.

धुण्याच्या पद्धतीचाही परिणाम दिसतो. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. त्यात साध्या साबणाचा थर लोकरीवर बसून ती खरखरीत होते. म्हणून लोकरीसाठीचे द्रवरूप डिटर्जंट आणि थंड पाणी वापरते, स्वेटर उलटा करून न चोळता धुते आणि सावलीत आडवा वाळवते. उलटा केल्याने धुण्यातले घर्षण आतल्या बाजूला जाते.

नवा स्वेटर सुरुवातीला अधिक गोळे धरतो आणि सैल तंतू निघून गेल्यावर प्रमाण घटते, म्हणून दर आठवड्याला यंत्र फिरवू नये; गोळे डोळ्यांत भरतील तेव्हाच फिरवावे. हिवाळ्याच्या शेवटी माझ्या यंत्राची पाती बोथट झाली आणि गोळे कापण्याऐवजी चुरगळू लागली. ब्रशने पाती साफ करूनही फरक पडला नाही. त्या यंत्राची सुटी पाती इथल्या दुकानांत मिळाली नाहीत, त्यामुळे विकत घेतानाच पाती वेगळी मिळतात का हे विचारून घ्यावे.