लिंबूसत्व वापरून संडासाच्या भांड्यातले क्षाराचे आणि गंजाचे डाग: काही महिन्यांचा अनुभव

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे संडास-बाथरूमला बहुतेक घरांत बोअरचंच पाणी. आमचं बोअर जड पाण्याचं आहे. कमोडमध्ये पाणी जिथे साठतं तिथे पांढरट-पिवळं खरखरीत कडं होतं आणि मागच्या बाजूने, फ्लशचं पाणी उतरतं तिथे, तपकिरी ओघळ. उन्हाळ्यापासून मी फक्त लिंबूसत्व वापरतोय, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडची पांढरी दाणेदार पावडर. मधल्या मारुतीजवळच्या किराणा दुकानात ती सुटी मिळते.

पद्धत अशी. रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर टाकीचा कॉक बंद करून एकदा फ्लश करायचा. भांड्यात उरलेलं पाणी जुन्या मगाने काढायचं किंवा ब्रशने पुढे ढकलायचं. हे टाळलं तर दीड-दोन लिटर पाण्यात अ‍ॅसिड पातळ होतं आणि मग 'काही फरक पडत नाही' असं वाटतं. मग एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम पावडर विरघळवून कड्यावर ओतायची. उकळतं पाणी नको, थंड चिनी मातीला तडा जाऊ शकतो. कड्याच्या वरच्या ओघळावर द्रावण टिकत नाही, म्हणून जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून तिथे चिकटवायच्या. हातात रबरी मोजे हवेत आणि घरात कोणाला सांगून ठेवायचं, म्हणजे रात्री कोणी दुसरं काही ओतणार नाही.

बारीक फेस आला की समजायचं, कडं चुन्याचं आहे आणि विरघळतंय. सकाळी पट्ट्या काढून प्लॅस्टिकच्या ब्रशने घासायचं. वर पांढरा चिखलासारखा थर दिसला तर घाबरू नका, अ‍ॅसिड आणि चुना मिळून तयार झालेला तो क्षार आहे. तो घासून धुवायचा आणि पुन्हा ताजं द्रावण घालायचं. आमचं जुनं कडं एका रात्रीत गेलं नाही. थर पातळ होत होत गेला, मग दर पंधरवड्याला कमी पावडरीत काम भागायला लागलं.

गंजावर लिंबूसत्व हळू चालतं. ताजा ओघळ निघतो, वर्षानुवर्षांचा फिकट होतो. त्यापेक्षा ओघळ का येतो ते शोधणं जास्त उपयोगी पडलं. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी भरून रात्रभर ठेवा. आधी स्वच्छ असलेलं पाणी सकाळी पिवळसर दिसलं तर लोह पाण्यातच आहे. सकाळची पहिली धार लालसर आणि नंतर स्वच्छ येत असेल तर जुना लोखंडी पाइप. आमच्याकडे पाण्यात लोह तर होतंच, शिवाय टाकीतलं वॉशर गळत होतं, म्हणून दिवसभर बारीक धार एकाच जागी वाहायची. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून, फ्लश न करता तो भांड्यात उतरतो का पाहिलं आणि गळती सापडली. वॉशर बदलल्यावर ओघळ पूर्वीसारखा दाट झाला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी बाटलीतलं टॉयलेट क्लीनर ओतलं आणि डाग जाईना म्हणून वर ब्लीचिंग पावडर, आपली टीसीएल, टाकली. क्षणात उग्र वास, डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ. बाटलीतल्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड असल्याने छोट्या संडासात खाली साठतो. तिथे वाकून घासणाऱ्याच्या नाकाशीच. लिंबूसत्व, व्हिनेगर ही सौम्य अ‍ॅसिडंही ब्लीचबरोबर हेच करतात. अमोनियाच्या क्लीनरबरोबर ब्लीच मिसळलं तर दुसरा विषारी वायू तयार होतो. शिवाय ब्लीचने डाग पांढरा वाटला तरी चुना विरघळत नाही, आणि गंज तर त्याने उलट पक्का होऊ शकतो.

फ्लशच्या टाकीत टाकायच्या वडीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. काही वड्या क्लोरीनच्या असतात. तशी वडी असेल तर भांड्यात अ‍ॅसिड टाकायच्या आधी ती काढा, टाकी दोन-तीनदा रिकामी करा.

चुकून मिसळलंच तर काहीही आणखी ओतू नका, फ्लश करायलाही थांबू नका. बाहेर या, दार-खिडकी उघडं राहू द्या. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं साध्या पाण्याने धुवा. दम लागत असेल, खोकला थांबत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. त्रास काही तासांनी वाढू शकतो. काकूंना त्यांच्या मुलाने ओढून बाहेर आणलं, संध्याकाळी तपासून घेतलं, आता बऱ्या आहेत.

लिंबूसत्वाची एक मर्यादा मात्र सांगतो. भांड्याभोवती शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर थेंबही सांडू देऊ नका, दोन्ही चुनखडीच्याच जातीचे दगड, अ‍ॅसिडने त्यांची चकाकी जाते. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी. आणि तारेच्या ब्रशने आधीच भांड्याची चकाकी घासून गेली असेल, तर खडबडीत जागी कडं लवकर धरतं. तिथे दर आठवड्याला हात फिरवावाच लागतो.